डबे लावले म्हणजे अहिंसा झाली का?



आज थोडं कडू लिहिणार आहे. ज्यांना लागेल त्यांनी मला फोन करून भांडावं, पण आधी शेवटपर्यंत वाचावं.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा झाली. सारसोळ्यातल्या आमच्यासारख्या जुन्या, ओल धरलेल्या इमारतींमधून सध्या दुसरा विषयच नाही. विकासकाचा माणूस कराराची यादी वाचत होता. फरशी कुठली, नळ कुठले, लिफ्ट कुठली. मध्येच एक ओळ आली, 'बांधकामपूर्व वाळवी प्रतिबंधक प्रक्रिया'. त्याबरोबर आपल्याच तीन-चार जणी उभ्या राहिल्या. "आम्ही जैन आहोत, आमच्या घराच्या पायात विष ओतायचं नाही. पुढे वाळवी आलीच तर ते डबे मिळतात ना, ते लावून घेऊ. त्यात फवारणी नाही, वास नाही, काही नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. विकासकाच्या माणसाने तर तिथल्या तिथे ओळ खोडली आणि म्हणाला, "तुमच्या भावनांचा आम्हाला आदर आहे."

आदर असेलच. त्याचा खर्चही वाचला.

मी त्या दिवशी गप्प बसले, कारण डब्यांबद्दल मला जे माहीत आहे ते सांगताना माझाच गुन्हा आधी कबूल करावा लागतो. तो आज इथे करते.

आमचं घर तळमजल्यावर आहे. काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या पावसानंतर एका संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमले. सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर नुसते पंख पडलेले, शेकड्यांनी, सगळे एका मापाचे. मी म्हटलं पावसाळी मुंग्या, आणि कुंचल्याने अलगद गोळा करून बाहेर टाकले. त्या मुंग्या नव्हत्या. पंखवाल्या मुंगीची कंबर बारीक असते, मिश्या कोपरासारख्या वाकलेल्या असतात आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीची कंबर जाड, मिश्या सरळ, आणि चारही पंख सारखे. घराच्या आत, बंद खिडकीपाशी असे सारखे पंख ढिगाने पडलेले दिसले, तर वारूळ घराला लागून किंवा घरातच आहे असं समजायचं.

मग स्वयंपाकघरात ओट्याखाली, पाण्याच्या पाइपच्या मागे, पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ दिसली. ती मी ओल्या फडक्याने पुसली. आठ दिवसांनी ती पुन्हा आली. पुन्हा पुसली. त्या रेघेला काय विचारायचं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. रेघ सगळी पुसायची नसते. मध्ये बोटभर तोडायची आणि दोन-तीन दिवसांनी बघायचं. तुटलेली जागा ओलसर ताज्या मातीने भरून निघाली, तर आत ये-जा चालू आहे. तशीच कोरडी राहिली, तर ती वाट बहुधा सोडून दिलेली आहे, तरी आजूबाजूला दुसरी शोधायची. वाळवीचं अंग मऊ असतं, उघड्या हवेत ती सुकून मरते. म्हणून ती जमिनीतली ओल सोबत घेऊन मातीच्या नळीतूनच चालते. ही नळी म्हणजे तिचा श्वास आणि पाणी दोन्ही आहे, आणि आपल्याला मिळणारी सगळ्यात स्वच्छ खूण.

पुढच्या वर्षी न्हाणीघराच्या दाराची चौकट खालून फुगल्यासारखी दिसायला लागली. बोटाने दाबली तर रंगाचा पापुद्रा आत गेला. चमच्याच्या दांड्याने वाजवून बघितलं तर वर टणक आवाज आणि खाली पोकळ. तरी आम्ही सुताराला बोलावून नवी पट्टी ठोकून घेतली. आणि मग दशलक्षण पर्वाच्या आदल्या आठवड्यात मी भिंतीतलं कपाट उघडलं. शास्त्राच्या पोथ्यांचा गठ्ठा बाहेरून जसाच्या तसा होता. उचलला तर हातात हलका आला. आतून माती. सासूबाईंची हाताने लिहिलेली स्तवनांची वही त्यातच होती. तिचा फक्त पुठ्ठा राहिला.

तेव्हा मीही तेच म्हटलं जे परवा सभेत ऐकलं. औषध नको, डबे लावा.

आता डबा म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणींना वाटतं की तो उंदराच्या पिंजऱ्यासारखा काहीतरी असतो, वाळवी त्यात अडकते आणि मग कोणीतरी तिला लांब नेऊन सोडतं. तसं काही नाही. इमारतीच्या कडेने साधारण तीन-तीन मीटरवर जमिनीत प्लास्टिकच्या नळकांड्या पुरतात. आत लाकडाचे तुकडे असतात. वाळवी ते शोधून खायला लागली की त्यात वाळवीच्या आवडीचं खाद्य भरतात, आणि त्या खाद्यात क्लोरफ्लुअझुरॉनसारखं औषध असतं. घरातल्या चालू नळीवरही असा डबा बसवतात. आमच्याकडे ओट्याखाली एक बसवला.

हे औषध लगेच मारत नाही, आणि मारू नये हीच त्याची हुशारी. वाढताना वाळवीला आपली कात टाकावी लागते. या औषधाने नवी कात नीट तयारच होत नाही, आणि ती कात टाकताना मरते. पण तोपर्यंत आठवडे जातात, आणि त्या आठवड्यांत ती ते खाद्य घरी नेऊन तोंडातून तोंडात भरवत असते. वाळवीची रीतच ती. कामकरी वाळवी राणीला भरवते, पिलांना भरवते, सैनिकांना भरवते. सैनिकाचे जबडे इतके मोठे असतात की त्याला स्वतःला खाता येत नाही. तर ही जी एकमेकांना भरवायची रीत, तिच्यातूनच विष सगळ्या वारुळात पोचवायचं, अशी ही योजना आहे. कामकरी संपले की राणीला भरवायला कोणी उरत नाही आणि वारूळ संपतं. कंपनीच्या भाषेत त्याला 'वसाहतीचा नायनाट' म्हणतात, आणि तो डब्याचा दोष नव्हे, त्याच्या विक्रीचा मुद्दा आहे.

पंधरा-वीस दिवसांनी माणूस आला, डब्याचं झाकण उघडलं आणि आनंदाने म्हणाला, "मॅडम, बघा, काय छान खातायत!" मी वाकून बघितलं. शेकडो फिकट जीव, एकमेकांच्या अंगावरून धावणारे. कामकरी वाळवीला डोळे नसतात हे आता शास्त्रज्ञ सांगतात. आपल्याकडे तिला त्रींद्रिय म्हटलंय, स्पर्श, रस आणि गंध एवढंच तिच्यापाशी. त्या रसाच्या इंद्रियालाच मी आमिष दाखवलं होतं. दोन-अडीच महिन्यांनी तो पुन्हा आला तेव्हा आत मोजके उरले होते, पांढरट पडलेले, हलायला नको म्हणणारे, आणि त्यात मोठ्या डोक्याचे सैनिकच जास्त. "औषध लागू पडलं," तो म्हणाला. खरंच पडलं. त्यानंतर घरात वाळवी आली नाही. पैसे वाया गेले असं मी म्हणणारच नाही.

पण याला अहिंसा म्हणू नका. श्रावकाला आरंभी हिंसा टळत नाही, चूल पेटवली तरी घडते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. संकल्पी हिंसा मात्र सोडायची असते. आता तुम्हीच सांगा, खाऊ घालून, महिना महिना येऊन तपासून, सगळं कुळ संपेपर्यंत थांबायचं, यात संकल्प नाही तर काय आहे? फवारणीचा वास येत नाही म्हणून आपलं मन शांत राहतं, एवढंच.

सभेतल्या एकीने मला नंतर जिन्यात विचारलं, "मग काकू, पायात औषध ओतलं की जीव मरत नाहीत का?" मरतात. हे मी लपवणार नाही. त्या मातीत जे असतील ते मरतील. पण तिथे आधी जेसीबीने खड्डा खणलेला असणार, भराव टाकून ठोकलेला असणार, आणि वर काँक्रीट पडणार. ती जमीन आपण घर बांधायला घेतली तेव्हाच तिथल्या जिवांचं काय व्हायचं ते ठरलं. प्रश्न पुढच्या वर्षांचा आहे. तिथून पुढे दर दोन-चार वर्षांनी नवं वारूळ घराला लागणार आणि दर वेळी ते आपण मारणार, की येणारी वाळवी जमिनीतूनच वळून दुसरीकडे जाईल असं काही करणार?

असं करता येतं, पण कुठलंही औषध ओतून नाही. भारतीय मानक ब्युरोचं यासाठी एक मानक आहे, आयएस ६३१३. त्याचा पहिला भाग बांधकामातल्या खबरदारीचा, दुसरा बांधकामाआधी मातीला द्यायच्या औषधाचा, तिसरा उभ्या इमारतीचा. दुसऱ्या भागाच्या २०१३ च्या आवृत्तीत तीन औषधं येतात. क्लोरपायरिफॉस पाण्यात १ टक्का, इमिडाक्लोप्रिड ०.०७५ टक्के आणि बायफेन्थ्रिन ०.०५ टक्के. पूर्वी यासाठी आल्ड्रिन वापरायचे, त्यावर आता बंदी आहे.

या तिघांत आपल्या दृष्टीने मोठा फरक आहे, आणि तो सभेत कोणी सांगत नाही. इमिडाक्लोप्रिड वाळवीला कळत नाही. ती त्या मातीतून चालत जाते, अंगाला लागलेलं औषध इतरांना लावते आणि मग मरते. म्हणजे पुन्हा डब्याचाच प्रकार. बायफेन्थ्रिन तिला कळतं. त्या मातीला तोंड लावताच ती मागे फिरते आणि बोगदा दुसरीकडे वळवते. अंगाला भरपूर लागलं तर तीही मरते, पण बहुतेक जणी तिथवर जातच नाहीत. आपल्याला हवी ती हीच गोष्ट. कुंपण.

आता कुंपणाची अडचण ऐका. ज्याला बघून वाळवी वळते, त्या कुंपणात बोटभर फट राहिली तर वळत वळत ती नेमकी त्या फटीशीच येते. न कळणाऱ्या औषधात थोडी चूक खपून जाते, कळणाऱ्या औषधात नाही. म्हणून जिला कमी हिंसा हवी, तिने कामावर जास्त लक्ष ठेवलं पाहिजे. ओळ खोडून घरी येऊन सामायिकाला बसणं सोपं आहे. उन्हात उभं राहून ड्रम मोजणं अवघड आहे.

बीकॉम झाले त्याचा उपयोग किराण्याच्या वहीपलीकडे फारसा झाला नाही, पण हा हिशेब मी मांडलाय, तुम्हीही वहीत उतरवा. समजा इमारतीचं जोतं २० मीटर बाय १५ मीटर, म्हणजे ३०० चौरस मीटर. जोत्याचा भराव ठोकून झाला की काँक्रीटच्या आधी त्यावर दर चौरस मीटरला ५ लिटर मिश्रण द्यायचं. म्हणजे या एकाच टप्प्याला १,५०० लिटर. बायफेन्थ्रिनचा बाजारात मिळणारा द्रव अडीच टक्क्यांचा असतो, तो ०.०५ टक्के करायचा म्हणजे पन्नास पट, एका लिटरमध्ये ४९ लिटर पाणी. तेव्हा १,५०० लिटरला मूळ द्रव ३० लिटर लागला पाहिजे. कंत्राटदाराचा माणूस ५ लिटरचा एक कॅन आणि पाठीवरचा पंप घेऊन आला, तर पुढचं काही बघायची गरज नाही. तो पाणी मारतोय. आणि हेच क्लोरपायरिफॉसचं केलं तर त्याच जोत्यात १५ किलो शुद्ध विष जातं, बायफेन्थ्रिनचं पाऊण किलो. दोन्हींची ताकद वेगळी, त्यामुळे किलोवर किलो तोलता येत नाही हे मला कळतं, तरी आकडा डोळ्यासमोर असावा.

हे झालं जोत्याचं. पण त्याने काम संपत नाही, आणि चोरी बहुतेक पुढेच होते. भिंत आणि जमीन जिथे भेटतात तिथे चर काढून, दर १५ सेंटिमीटरवर पहारीने भोकं पाडून औषध द्यायचं असतं, कारण वाळवी मधल्या फरशीतून कमी आणि या सांध्यातून जास्त येते. पायाच्या बाजूने भराव टाकतानाही उभ्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साडेसात लिटर. जमिनीत शिरणाऱ्या प्रत्येक पाइपभोवती. आणि शेवटी, इमारत उभी राहिल्यावर बाहेरच्या कडेने ३० सेंटिमीटर खोल भोकं पाडून. आमच्या ७० मीटरच्या घेराला हे बाहेरचं काम सुमारे १६० लिटरचं आहे, म्हणजे तसं थोडंच. पण तोवर फ्लॅट विकले गेलेले असतात, रंग लागलेला असतो, आणि पहार मारायला कोणी येत नाही.

त्याहून वाईट म्हणजे प्लंबर. औषध देऊन झालं, सगळं झालं, आणि महिन्याभराने ड्रेनेजची लाइन टाकायला त्याच मातीत चर खणला. खालची बिनऔषधाची माती वर आली, औषधाची कुठेतरी टाकून दिली. कुंपण तिथे तुटलं. असा चर पुन्हा भरताना पुन्हा औषध द्यावं लागतं. दहा वर्षांची हमी देणारा कागद या चराबद्दल गप्प असतो, म्हणून करारात आपणच लिहून घ्यायचं.

आपल्या गावची आणखी एक गोष्ट. सारसोळं खाडीकाठचं आहे. इथे खणलं की पाणी लागतं, आणि जेट्टीवरून आजही होड्या जातात. बायफेन्थ्रिन काय किंवा क्लोरपायरिफॉस काय, मासळीला दोन्ही फार घातक. म्हणून पावसात किंवा खड्ड्यात पाणी साचलेलं असताना औषध द्यायचंच नाही. मानकातही तसं सांगितलंय, कारण ओल्या मातीत ते मुरत नाही. ते वाहून गटारात जाईल आणि गटार खाडीत. बायफेन्थ्रिन मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं, पाण्यासोबत फारसं वाहत नाही, हे त्याच्या बाजूने आहे, पण ते आधी कोरड्या मातीत मुरलं तर. ड्रम आणि पंप धुतलेलं पाणीसुद्धा नाल्यात ओतू देऊ नका. पायात विष नको म्हणणाऱ्यांनी खरं तर इथे आवाज चढवायला हवा.

"खाली पार्किंग आहे, वर कशाला येते वाळवी?" असंही एक काका म्हणाले. काका, ती लिफ्टच्या खड्ड्यातून येते, पाइपांच्या डक्टमधून येते, वायरींच्या नळ्यांतून येते. वर कुठे गळकी भिंत सापडली तर एक जात तिथेच ओलीत घरटं करते आणि मग तिला जमिनीची गरजही उरत नाही. जमिनीतलं कुठलंच औषध तिथे पोचत नाही, तिथे गळती बंद करावी लागते. आणि कोरड्या लाकडातली वाळवी तर वेगळीच, ती फर्निचरमधून घरात येते. तिची मातीची नळी नसते. कपाटाखाली खसखशीसारखे बारीक, कडक दाणे सांडलेले दिसतात, तीच तिची खूण. पायातल्या औषधाचा तिच्याशी काही संबंध नाही, उगीच विकासकाला त्यासाठी धरू नका.

मग डबे कधीच लावू नयेत का? ज्यांची इमारत उभी आहे, पाडायची नाही आणि वाळवी आत आलेली आहे, त्यांना सगळी फरशी फोडून कुंपण घालता येत नाही. त्यांच्यापुढे दोनच वाटा, भिंतीच्या कडेने दर ३० सेंटिमीटरवर भोक पाडून औषध भरणं किंवा डबे. तळमजल्यावर लहान मूल असेल किंवा विहीर जवळ असेल तर मीसुद्धा डबेच सांगेन, कारण त्यात औषध अगदी थोडं लागतं आणि ते बंद राहतं. त्याचं प्रायश्चित्त ज्याने त्याने आपल्या गुरूंना विचारून घ्यावं. माझं म्हणणं नव्या पायाबद्दल आहे. जिथे कुंपण घालण्याची एकदाच संधी मिळते तिथे धर्माच्या नावाने ती घालवायची आणि पुढची तीस वर्षं दर महिन्याला डब्याचं झाकण उघडून बघायचं, हे मला पटत नाही. ते झाकण मी उघडलेलं आहे.

आणि औषधाआधीचं काम तर बिनविषाचंच आहे, त्यावर सभेत एकही बाई बोलली नाही. भरावात फळ्या, खुंट्या, झाडाची मुळं, सिमेंटच्या कागदी पिशव्या पुरू द्यायच्या नाहीत. पायाच्या खड्ड्यात सेंट्रिंगच्या लाकडाचे तुकडे सोडून देतात, ते म्हणजे वाळवीला घातलेलं पहिलं जेवण. इमारतीभोवती काँक्रीटचा पट्टा हवा आणि भिंतीला चिकटून बाग नको. पट्टा असला की मातीची नळी उघड्यावर चढते आणि आपल्याला दिसते. तोडली की ती बहुतेक वेळा परत जाते, कोणाला मारावं लागत नाही. दाराच्या चौकटी खालून जमिनीत रोवायच्या नाहीत. तळमजल्याला आणि न्हाणीघरांना लाकडी चौकट मागूच नका, दगडाची मागा.

येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. खोडलेली ओळ परत घालायला मी सांगणार आहे, पण एका ओळीत नाही. औषध बायफेन्थ्रिन, मानक आयएस ६३१३ भाग दोन, प्रत्येक टप्प्याची तारीख दोन दिवस आधी कळवायची, सीलबंद कॅन सभासदांसमोर उघडायचे आणि रिकामे मोजून द्यायचे, पाऊस असेल तर काम पुढे ढकलायचं, चर खणला तर पुन्हा औषध. जोत्याच्या दिवशी कॅन मोजायला मी स्वतः खुर्ची टाकून बसेन. बरोबर बसायला दोघी तरी हव्यात. छत्री मी आणीन, ज्यांना जमेल त्यांनी खाली कळवा.